तंटामुक्तीचा कागद आणि न्यायालयाचा हुकूमनामा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम 15 ऑगस्ट 2007 रोजी सुरू झाली आणि त्यानंतर काही वर्षे मी आमच्या गावच्या समितीचा सदस्य होतो. त्या काळात मिटलेला एक वाद पुढे पुन्हा उभा राहिला. त्याविषयी लिहिणे मला कर्तव्य वाटते.

दोन चुलत भावांमध्ये शेतात जाण्याच्या वहिवाटीच्या रस्त्यावरून भांडण होते. समितीने बांधावर बसून दोघांचे ऐकले, जुन्या जाणत्यांना रस्ता दाखवायला लावला आणि तीन आठवड्यांत समझोता घडवला. खर्च झाला तो स्टॅम्प पेपरचा आणि चहाचा. हाच दावा दिवाणी न्यायालयात गेला असता, तर वकिलाची फी, कोर्ट कमिशनरची मोजणी आणि तारखांसाठी तालुक्याच्या खेपा यांत कित्येक वर्षे गेली असती.

पण काही वर्षांनी एका भावाची जमीन त्याच्या मुलाच्या नावावर झाली आणि त्याने रस्त्यावर काटे टाकले. त्या कागदावर आपली सही नाही, असे तो म्हणाला. पोलिसांनी वाद दिवाणी असल्याचे सांगितले. समितीला निकाल देण्याचा किंवा तो अमलात आणण्याचा अधिकारच नाही; ती फक्त तडजोड घडवते. त्यामुळे आमचा तडजोडनामा पुरावा म्हणून उपयोगी असला, तरी त्याच्या आधारे अंमलबजावणीसाठी न्यायालयात थेट दरखास्त दाखल करता येत नव्हती. त्यातच समितीच्या नव्या बैठकांमध्ये आठ महिने निघून गेले. मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 प्रमाणे तहसीलदारांकडे अडथळा सुरू झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दाद मागावी लागते आणि ही मुदत समितीच्या बैठकांसाठी थांबत नाही. हे तेव्हा आम्हा कुणालाच ठाऊक नव्हते, याची मला आजही खंत वाटते. शेवटी त्या कुटुंबाला दिवाणी न्यायालयातच जावे लागले.

यावर उपाय होता आणि तो तालुक्याच्या ठिकाणीच होता. समझोता झाल्यावर तालुका विधी सेवा समितीमार्फत तो लोकअदालतीपुढे ठेवता येतो, दावा दाखल झालेला नसला तरीही. लोकअदालतीचा निवाडा विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 नुसार दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा मानला जातो, त्यावर अपील नाही, पक्षकारांप्रमाणे त्यांच्या वारसांवरही तो बंधनकारक राहतो आणि मोडल्यास थेट दरखास्त करता येते. त्याला न्यायालयीन शुल्क लागत नाही आणि चालू दाव्यात तडजोड झाली, तर भरलेले शुल्कही परत मिळते.

म्हणून माझी विनंती आहे की, जमीन, बांध आणि रस्ता यांचा प्रत्येक तडजोडनामा येत्या लोकअदालतीत नेण्याची तजवीज समित्यांनी समझोत्याच्या दिवशीच करावी, आणि अर्ज घेताना अडथळा कोणत्या तारखेला सुरू झाला, हे नोंदवहीत सर्वांत आधी लिहून घ्यावे.

आपला,
तंटामुक्त गाव समितीचा एक माजी सदस्य