पगारातून हप्ता कापला गेला तरी मला थकबाकीदार दाखवल्याबद्दल तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक साहेब,
कर्मचारी सहकारी पतसंस्था, चिपळूण

साहेब, नमस्कार.

मी लोट्याच्या एमआयडीसीत कामाला आहे आणि आपल्या संस्थेचा जुना सभासद आहे. काउंटरवर तोंडी सगळं सांगून झालं, दरवेळी "कंपनीशी बोलतो" एवढंच उत्तर मिळालं, म्हणून आता लेखी देतोय. याची पोच द्यावी आणि उत्तरही लेखीच द्यावं.

माझं कर्ज ३ लाखांचं, १२ टक्क्यांनी, ६० हप्त्यांत. दर महिन्याला ५,००० मुद्दल आणि राहिलेल्या बाकीवर व्याज, वर्गणी वेगळी. मेच्या सुरवातीला माझी बाकी २,४०,००० होती. त्यानंतरचे तीन हप्ते माझ्या पगारातून वेळेवर कापले गेलेत. ७ मेच्या पगारात ७,४००, जूनमध्ये ७,३५०, जुलैमध्ये ७,३००. तिन्ही पगार स्लिपवर 'सोसायटी'च्या रकान्यात हे आकडे स्पष्ट छापलेले आहेत, झेरॉक्स जोडलीय. एकूण २२,०५०. म्हणजे माझ्या हातात हे पैसे आलेच नाहीत, मी ठरवलं असतं तरी ते दुसरीकडे खर्च करू शकलो नसतो.

पण आपल्या खाते उताऱ्यात मे आणि जूनसमोर काहीच जमा नाही, आणि सगळी रक्कम एकदम ३० जुलैला आलेली दिसते. कंपनीने कापलं पण तीन महिन्यांचं एकत्र पाठवलं, हे अकाउंट्सवाल्यांनी तोंडी कबूलही केलंय. आता या मधल्या काळात काय झालं बघा. दर १५ तारखेला हप्ता जमा व्हायला हवा होता, तो न झाल्यामुळे सिस्टीमने पूर्ण २,४०,००० वरच व्याज धरलं. १५ जूनला २,३५० ऐवजी २,४००, १५ जुलैला २,३०० ऐवजी २,४००, आणि तिथून ३० तारखेपर्यंतच्या पंधरवड्याचे आणखी ७५. झाले २२५ जास्तीचे. वर थकीत हप्त्यांवर २ टक्के दंडव्याज, ते ५५ रुपये. एकूण २८०.

रक्कम छोटी आहे हे मलाही दिसतं, पण भांडण २८० रुपयांचं नाहीये. पैसे आले की आपण आधी दंडव्याज वळतं करता, मग व्याज, आणि उरलं ते मुद्दलात. त्यामुळे माझ्या मुद्दलात २८० कमी पडले आणि तेवढी रक्कम थकीत म्हणून उताऱ्यावर बसली. ऑगस्टचा हप्ता वेळेवर आला तरी ती तशीच आहे, कारण वसुली यादीत आपण कंपनीला फक्त चालू हप्ता पाठवता, हे २८० त्यात धरतच नाही. मग ते कोण कधी कापणार? पगारातून नेहमीचा हप्ता जात राहणार आणि मी कर्ज फिटेपर्यंत थकबाकीदारच राहणार.

आणि त्याचा त्रास माझ्यापुरता राहिला असता तर मी एवढं लिहिलं नसतं. माझे एक जामीनदार बॉयलर सेक्शनला आहेत, माझ्यापेक्षा वयाने मोठे. त्यांच्या घरी संस्थेची नोटीस गेली, "आपण जामीन असलेल्या कर्जदाराचे हप्ते थकीत असून..." पोस्टमनने ती वाडीत त्यांच्या वडलांच्या हातात दिली, ते कामावर होते, आणि संध्याकाळपर्यंत शेजारीपाजारी कळलं की आमच्या माणसाने कोणाचं तरी कर्ज अंगावर घेतलंय. त्यांनी गणपतीसाठी तातडीचं कर्ज मागितलं होतं, मुंबईची माणसं घरी यायची होती, मागच्या पडवीची कौलं बदलायची होती. तो अर्ज तुमच्याकडे "जामीन खाते थकीत" असा शेरा मारून बाजूला ठेवलाय. ज्या माणसाने माझ्यावर विश्वास ठेवून सही केली त्याला मी तोंड कसं दाखवू? मला हे फार लागलंय साहेब.

काउंटरवर सांगतात की पैसे हातात आले तेव्हाच जमा दाखवणार, आधी कसे दाखवू. कॅश बुकात तुम्ही ३० जुलैचीच तारीख टाका, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण उशिराचं व्याज आणि दंड कोणाच्या नावावर पडायचा हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर कायद्यात दिलेलं आहे. कर्ज घेताना मी पगार कपातीचा करारनामा लिहून दिलाय, त्यावर कंपनीचा शिक्का आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ४९ प्रमाणे असा करार असेल आणि संस्थेने लेखी मागणी केली असेल तर मालकाला पगारातून कापून संस्थेला भरणं बंधनकारक आहे, आणि त्याने ते केलं नाही किंवा कापून भरलं नाही तर त्या रकमेला तो स्वतः जबाबदार असतो. निबंधकांचा दाखला घेतला तर ती रक्कम त्याच्याकडून जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते. म्हणजे कापलेला पण न भरलेला हप्ता हे कंपनीचं देणं झालं. तुमच्याकडे कंपनीच्या मागे लागायला एवढं हत्यार असताना तुम्ही नोटीस पाठवता ती मला आणि माझ्या जामीनदाराला, हे कसं चालेल?

मी बिनपगारी रजेवर असतो आणि त्या महिन्यात कपातच झाली नसती तर गोष्ट निराळी होती, तेव्हा हप्ता मी स्वतः येऊन भरायचा असतो आणि दंड लागला तरी तो माझा. इथे तसं काही नाही, तिन्ही महिने हजेरी पूर्ण आहे. तपासायला कंपनीकडून त्या तीन महिन्यांची कपात यादी मागवा, तुमची वसुली यादी तिच्यासमोर ठेवा, तारखेसकट दिसेल.

तर माझी मागणी अशी आहे. माझ्या खात्यावरचे २८० रुपये उलट नोंद करून काढावेत आणि मे ते जुलैचा थकबाकीचा शेरा काढून टाकावा. जामीनदारांना आधीची नोटीस रद्द केल्याचं पत्र त्यांच्या घरच्या पत्त्यावर पाठवावं, आणि त्यांचा अर्ज येत्या संचालक सभेत घ्यावा. ही सगळ्यात आधी व्हायला हवी अशी गोष्ट आहे, माझ्या २८० च्याही आधी. कंपनीला उशिराच्या व्याजाची लेखी मागणी करून तिची प्रत मला द्यावी, ते पैसे त्यांच्याकडून घ्या. आणि माझ्याच डिपार्टमेंटमधल्या इतर सभासदांचेही हे तीन हप्ते असेच उशिरा पोचलेत, त्यातल्या बऱ्याच जणांनी उतारा काढलेलाच नाही, त्यांचीही खाती तपासून घ्यावीत.

१५ दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर हेच पत्र कागदपत्रांसह सहायक निबंधकांकडे देईन.

सोबत: एप्रिल, मे, जूनच्या पगार स्लिपा, खाते उतारा, जामीनदारांना आलेल्या नोटिशीची प्रत, करारनाम्याची प्रत.

आपला,
कर्जदार सभासद
(सभासद क्रमांक आणि कर्ज खाते क्रमांक जोडलेल्या उताऱ्यावर आहे)