आठ जणांची सरासरी छापताना पट्टाही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या तंत्रज्ञानाच्या पानावर अ‍ॅप आणि संकेतस्थळांच्या चाचण्यांच्या बातम्या हल्ली बऱ्याचदा असतात. 'नव्या आवृत्तीला वापरसुलभतेत ७४ गुण, जुनीला ६६' असं एक वाक्य, शेजारी एक उंच आणि एक ठेंगणा खांब, की झाली बातमी. अ‍ॅप किती जणांनी हाताळून पाहिलं हे बहुतेक वेळा लिहिलेलंच नसतं. मी पुण्यात अशाच चाचण्या घेण्याचं काम करते, त्यामुळे हे कसं होतं ते मला ठाऊक आहे. आमच्याच धंद्यातले लोक प्रेसनोटमध्ये एवढंच पाठवतात. बातमीदाराने जास्तीचं आणायचं कुठून?

हे गुण बहुधा 'सिस्टिम युजेबिलिटी स्केल'चे असतात. आम्ही त्याला नुसतं 'सस' म्हणतो. जॉन ब्रुक यांनी १९८६ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये असताना ही प्रश्नावली तयार केली. त्यात दहा विधानं असतात आणि प्रत्येकापुढे 'अजिबात सहमत नाही'पासून 'पूर्ण सहमत'पर्यंत पाच चौकोन. एक आड एक विधान उलटं असतं: पहिलं 'हे मला वारंवार वापरायला आवडेल', तर दुसरं 'हे विनाकारण गुंतागुंतीचं वाटलं'. विषम क्रमांकाच्या उत्तरातून १ वजा करायचा, सम क्रमांकाचं उत्तर ५ मधून वजा करायचं, दहाही आकड्यांची बेरीज करून तिला २.५ ने गुणायचं. उत्तर ० ते १०० मध्ये येतं. शंभरपैकी आलं म्हणून ते टक्के समजायचे नाहीत. जेफ सॉरो यांनी सुमारे ५०० अभ्यासांचे गुण एकत्र करून काढलेली सरासरी ६८ आहे, म्हणून ६८ च्या वर गेलं की प्रेसनोटमध्ये 'सरासरीपेक्षा सरस' हे शब्द येतात.

आता आठ जणांची एक चाचणी घेऊ. आकडे मी रचलेले आहेत, कारण ग्राहकाचे खरे आकडे करारामुळे देता येत नाहीत. पण असे आकडे माझ्यासमोर नेहमी येतात. नव्या अ‍ॅपला आठ जणांनी दिलेले गुण असे: ४५, ५७.५, ७०, ७५, ८०, ८२.५, ८७.५ आणि ९२.५. सरासरी ७३.७५, म्हणजे बातमीतले ७४. पण एकीकडे ४५ आहे आणि दुसरीकडे ९२.५. उद्या दुसरे आठ जण बोलावले तर सरासरी ७४ च येईल असं म्हणायची माझी तरी हिंमत नाही.

मग म्हणता काय येईल? त्यासाठी या गुणांचं प्रमाण विचलन, म्हणजे ते सरासरीभोवती किती विखुरलेले आहेत याचं माप, काढायचं. ते १५.९ येतं. त्याला आठच्या वर्गमुळाने भागलं की ५.६ उरतात. याला २.३६५ ने गुणलं की होतात १३.३. सरासरीच्या अलीकडे-पलीकडे तेवढं अंतर घेतलं की ६०.५ ते ८७ असा पट्टा मिळतो. यालाच ९५ टक्क्यांचा कॉन्फिडन्स इंटरव्हल म्हणतात. याच रीतीने पुन्हा पुन्हा चाचण्या घेऊन दर वेळी पट्टा काढला, तर शंभरातल्या साधारण ९५ पट्ट्यांत खरी सरासरी सापडेल, असा त्याचा अर्थ. '९५ टक्के लोक ६०.५ ते ८७ मध्ये गुण देतील' असा अर्थ अनेक अहवालांत लावलेला दिसतो, तो चूक आहे. इथे आठातल्या चौघांचे गुणच त्या पट्ट्याबाहेर आहेत. आणि ६८ हा आकडा पट्ट्याच्या आतच पडतो. म्हणजे 'सरासरीपेक्षा सरस' हे वाक्य या आठ जणांच्या जिवावर छापता येत नाही.

२.३६५ कुठून आला, असं कुणी विचारेल, कारण कॉलेजात १.९६ पाठ केलेला असतो. १.९६ मोठ्या नमुन्यांसाठी ठीक आहे. माणसं मोजकी असली की गुणांचा पसारा किती, हेच आपल्याला धड ठाऊक नसतं आणि त्या अज्ञानाची किंमत पट्टा रुंद करून मोजावी लागते. डब्लिनच्या गिनेस बिअर कारखान्यात काम करणारे विल्यम गॉसेट यांना मोजक्याच नमुन्यांवरून निर्णय करावे लागत. त्यांनी १९०८ मध्ये 'स्टुडंट' या टोपणनावाने याचा हिशोब मांडला. आठ नमुन्यांसाठी त्यातून आकडा येतो तो हाच, २.३६५. एक्सेलमध्ये हे एका ओळीत होतं. गुण B2 ते B9 मध्ये असतील तर:

```
=CONFIDENCE.T(0.05, STDEV.S(B2:B9), 8)
```

उत्तर येतं १३.३. शेजारीच `CONFIDENCE.NORM` आहे, घाईत तेच निवडलं जातं आणि १३.३ ऐवजी ११ येतात. पट्टा अरुंद झाला म्हणून कुणी तक्रार करत नाही, त्यामुळे ही चूक पकडलीही जात नाही. अहवाल हातात आला की मी आधी पट्ट्याच्या निम्म्या रुंदीला विचलनाने भागून पाहते. आठ जणांसाठी ते ०.८४ च्या आसपास यायला हवं. ०.६९ आलं की समजायचं, १.९६ वापरलाय.

जुन्या-नव्याची तुलना मात्र जास्त फसवी आहे, आणि तिथे आमचे जाणते लोकही घसरतात. त्याच आठ जणांनी जुन्या अ‍ॅपला याच क्रमाने दिलेले गुण समजा असे आहेत: ३५, ५२.५, ५७.५, ६७.५, ८०, ७२.५, ८५ आणि ८०. सरासरी ६६.२५, पट्टा ५२ ते ८०. नव्याचा पट्टा ६०.५ ते ८७. दोन्ही एकमेकांवर चांगलेच चढलेले दिसतात, म्हणून पट्टे काढायला शिकलेला माणूस लगेच म्हणतो, 'काही फरक नाही.' हेही चूकच.

कारण माणसं तीच आहेत. हात आखडून गुण देणारा दोन्हीकडे आखडूनच देतो, सढळ माणूस दोन्हीकडे सढळ. माणसामाणसांतला हा फरक दोन्ही पट्टे फुगवतो, पण आपला प्रश्न त्याबद्दल नाहीच. म्हणून आधी प्रत्येकाच्या नव्या गुणांतून त्याचे जुने गुण वजा करायचे. मिळतात: १०, ५, १२.५, ७.५, ०, १०, २.५ आणि १२.५. यांची सरासरी ७.५, विचलन फक्त ४.६. पट्टा या आठ फरकांचा काढायचा, आणि तो येतो ३.६ ते ११.४. शून्य बाहेर राहिलं. नवं अ‍ॅप या लोकांना जुन्यापेक्षा सोपं वाटलं, हे आता म्हणता येतं. किती, तर कदाचित चारच गुणांनी, कदाचित अकरांनी.

हेच सोळा आकडे सोळा वेगवेगळ्या माणसांचे असते, आठ जुन्याला आणि आठ नव्याला, तर फरकाचा पट्टा उणे १० ते अधिक २५ असा आला असता. त्यातून काहीच निष्पन्न होत नाही. सरासऱ्या मात्र दोन्ही वेळी ६६ आणि ७४ च! बातमीतले दोन खांब दोन्ही वेळी हुबेहूब सारखे दिसले असते. माझा मुख्य मुद्दा हाच आहे.

एकाच माणसाला दोन्ही अ‍ॅप द्यायची तर क्रम बदलावा लागतो. चौघांनी आधी जुनं, चौघांनी आधी नवं. सगळ्यांनी जुनंच आधी वापरलं तर दुसऱ्या वेळी हात सरावलेला असतो आणि त्याचं श्रेय नव्या अ‍ॅपला जातं. हा दोष कुठल्याही पट्ट्यात दिसत नाही. आठही जण ज्याचं अ‍ॅप त्याच्याच ऑफिसातले असले, तरी पट्टा मुकाट्याने अरुंद येतो.

तसंच उत्तरं नीट भरलेली नसली तरी. आमच्याकडे एकदा कोथरूडच्या एक काकू आल्या होत्या. वीजबिल भरून झाल्यावर त्यांनी प्रश्नावली घेतली आणि 'पूर्ण सहमत'च्या रांगेत वरून खालपर्यंत दहा खुणा करून कागद परत दिला. मी म्हटलं, "काकू, दुसऱ्या ओळीत गुंतागुंतीचं आहे असं लिहिलंय, तेही पटतं का?" तर म्हणाल्या, "अगं, चांगलं आहे की अ‍ॅप, म्हणून पाच-पाच दिले!" हिशोबात त्यांचे गुण होतात ५०, कारण पाच सरळ विधानांचे २० मिळतात आणि पाच उलट्यांचे शून्य. सगळीकडे मधला चौकोन भरणाऱ्यालाही ५० च मिळतात. शंभर जणांत असा एखादा कागद विरघळून जातो, आठांत नाही. वरच्या यादीतला ४५ असाच गैरसमजातून आलेला निघाला आणि तो काढला, तर नव्याची सरासरी ७४ वरून ७८ वर जाते. पण म्हणून नको असलेला आकडा गुपचूप वगळायचा नसतो. माणूस समोर असतानाच कागद पाहायचा, विचारायचं, आणि वगळला तर तसं लिहायचं. तेव्हापासून मी काकूंसारख्यांना प्रत्येक विधान मोठ्याने वाचायला लावते.

आठच माणसं घेऊन चाचणी करू नये असं माझं म्हणणं नाही. बटण कुठे सापडत नाही, ओटीपी आल्यावर माणूस कुठे अडकतो, या गोष्टी आठ जणांत भरपूर कळतात, आणि ग्राहक पैसे देतो ते मुख्यतः त्यासाठीच. गुण नेमके हवे असतील तर मात्र माणसं वाढवावी लागतात, आणि ती फार वाढवावी लागतात. आठांची बत्तीस केली, म्हणजे चौपट, तेव्हा कुठे १३.३ चे ५.७ होतात, तेही पसारा तेवढाच राहिला तर.

आपल्या पानावर जागेची चणचण असते हे खरं. तरी 'सस सरासरी ७३.८, ९५ टक्के पट्टा ६०.५ ते ८७, सहभागी ८' हे एका ओळीत बसतं. तुलना असेल तर फरक, त्याचा पट्टा, आणि माणसं तीच होती की वेगळी, एवढं हवं. प्रेसनोटमध्ये हे नसेल तर पाठवणाऱ्याला फोन करावा. आकडे त्याच्या एक्सेलमध्ये असतातच. आणि चित्र छापायचंच असेल तर खांबांऐवजी आठ माणसांच्या आठ रेघा काढाव्यात, जुन्या गुणांपासून नव्या गुणांपर्यंत. वरच्या उदाहरणात सात रेघा वर चढलेल्या दिसतील, आणि एक, ८० पासून ८० पर्यंत, आडवी.

आपली,
एक वाचक, पुणे