फाटकावरच्या फुटेजवरून गाडीचा नंबर ठरवण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष व कार्यकारिणी सदस्य

विषय: पंपरूमच्या नुकसानीबद्दलची नोटीस तूर्त थांबवण्याबाबत

महोदय,
स.न.

पंपरूमच्या दाराला रात्री गाडी ठोकून कोणीतरी निघून गेलं. त्याच्या भरपाईची नोटीस सी विंगमधल्या एका सभासदांना काढायचं ठरत असल्याचं समजलं. त्यासाठी जो फोटो दाखवला जातोय, तो मोबाईलमधल्या एआय ॲपने ‘क्लिअर’ केलेला आहे आणि त्यात शेवटचे आकडे 8386 असे अगदी स्वच्छ दिसतात. कॅमेरे बसवणं हा माझा व्यवसाय आहे, म्हणून स्पष्टच सांगतो: तेवढ्यावरून नोटीस काढू नये.

गाडी जिथे थांबलेली दिसते, तिथे कॅमेऱ्याच्या चित्रात साधारण १२ मीटर रुंदीची जागा मावते. मी टेपने मोजून पाहिली. आपला कॅमेरा १९२० पिक्सेल रुंदीचा आहे, पण डीव्हीआरचं रेकॉर्डिंग 1080N वर ठेवलेलं आहे. या सेटिंगमध्ये उंची पूर्ण राहते आणि रुंदी निम्मी, म्हणजे ९६० पिक्सेलच साठवली जाते. थोडक्यात, मीटरला ८० पिक्सेल. गाडीची पाटी अर्धा मीटर लांब, म्हणून तिच्या वाट्याला ४० पिक्सेल येतात आणि त्यात दहा अक्षरं-आकडे बसवायचे. मधली मोकळी जागा धरून प्रत्येकाला जेमतेम चार.

आता 3 आणि 8 यांच्याकडे पाहा. दोघांत फरक आहे तो फक्त डाव्या बाजूच्या उभ्या रेषेचा. पाटीवर ती रेष सुमारे १० मिलिमीटर जाड असते, म्हणजे आपल्या रेकॉर्डिंगमध्ये एक पिक्सेलसुद्धा नाही. ती शेजारच्या पांढऱ्यात मिसळून करडी होते, आणि रात्रीच्या फुटेजमध्ये तेवढा करडेपणा नुसत्या दाणेदारपणानेही येतो. 0 आणि 8 मधला फरक मात्र आडव्या रेषेचा आहे. उंची पूर्ण साठवली जात असल्याने तो ओळखता येण्याची थोडी तरी आशा आहे.

शार्पनिंग कडेला असलेला काळ्या-पांढऱ्यातला फरक वाढवतं. जे अंधुक पण नोंदलेलं आहे ते त्याने ठळक होतं. मूळ फ्रेमचा कॉन्ट्रास्ट वाढवल्यावर पाटी पांढरी आहे, म्हणजे टॅक्सीची पिवळी नाही, आणि सुरुवातीला MH आहे एवढं मलाही दिसलं. पण जी रेष पिक्सेलमध्ये उतरलीच नाही, ती शार्पनिंगने परत येत नाही. हेडलाइटच्या झोतात पाटीचा जो भाग पूर्ण पांढरा पडलाय, त्याचंही तसंच.

एआय ॲपचं काम वेगळं आहे. असंख्य चित्रं पाहून ते शिकलेलं असतं, त्यामुळे अस्पष्ट डागाच्या जागी ते शोभेल असा आकडा रेखीवपणे काढून देतं. त्याला खात्री नसली तरी आकडा तितकाच रेखीव येतो. त्याच क्लिपमधली लगेच पुढची फ्रेम मी त्याच ॲपला दिली, तर 8336 आलं. गाडी तीच, पाटी तीच.

एक प्रामाणिक उपाय आहे. गाडी दोनेक सेकंद थांबलेली आहे. त्या फ्रेम एकमेकींवर नीट जुळवून त्यांची सरासरी काढली तर दाणेदारपणा कमी होतो. २५ फ्रेम खरोखर स्वतंत्र असतील तर पाचपट. पण स्थिर दृश्यात डीव्हीआर जागा वाचवण्यासाठी आधीच्याच फ्रेमचे तुकडे पुन्हा वापरतो, त्यामुळे प्रत्यक्षात फायदा बराच कमी मिळतो. शिवाय हे मूळ फाईलवरच करता येतं. ग्रुपवर फिरणारा व्हिडिओ मॉनिटरसमोर मोबाईल धरून काढलेला आहे आणि व्हॉट्सॲपने तो आणखी दाबला आहे, त्याचा यासाठी उपयोग नाही.

त्यातूनही बहुधा एकच नंबर हाती लागणार नाही, चार-सहा शक्यता उरतील. त्या पार्किंग स्टिकरच्या रजिस्टरशी आणि वॉचमनच्या वहीतल्या नोंदींशी ताडून पाहाव्यात. गाडीचा आकार आणि टपावरचा कॅरिअर फुटेजमध्ये पाटीपेक्षा जास्त स्पष्ट आहेत, तेही जुळतात का पाहावं. शिवाय एका रात्री त्याच वेळी, तेच दिवे चालू ठेवून, नंबर माहीत असलेली गाडी त्याच जागी उभी करावी आणि ज्यांना तो नंबर माहीत नाही त्यांना फुटेजवरून वाचायला सांगावं. माझी गाडी मी देतो. तिचा नंबर वाचता आला नाही, तर त्या रात्रीचाही वाचता आला असं आपल्याला म्हणता येणार नाही.

प्रकरण पोलिसांत न्यायचं असेल तरी मूळ फाईल लागेलच. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात फाईलचा हॅश, म्हणजे त्या फाईलवरूनच काढलेला तिचा ओळख-क्रमांक, नोंदवावा लागतो, ॲपमधून काढलेला फोटो तिथे मूळ फाईलची जागा घेऊ शकत नाही.

डिस्क भरली की डीव्हीआर जुन्या फुटेजवरच नवं लिहीत जातो. म्हणून त्या रात्रीचा अर्धा तास डीव्हीआरच्याच फॉरमॅटमध्ये पेनड्राइव्हवर आजच काढून घ्यावा, ही विनंती. सचिवांनी ऑफिसची चावी दिली तर संध्याकाळी सातनंतर येऊन मी ते करून देईन.

आपला,
सभासद, बी विंग, तिसरा मजला