वादळ उपाशी मरतं

खानापूर, २२ मे

चि. नितीन,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "बाबा, आपल्याकडे सह्याद्री आहे म्हणून वादळ अडतं. इथे गुजरातेत वेरावळला त्याला कोण अडवणार?" तेवढ्यात आईने फोन घेतला आणि बोलणं तुझ्या जेवणावर गेलं. मला मात्र ते वाक्य दोन दिवस टोचतंय. आयुष्यभर विज्ञान शिकवलं आणि घरातच हे! अरे, वादळ डोंगराला आपटून मरत नाही, उपाशी मरतं.

त्याचं खाणं म्हणजे वाफ. सातवीत असताना इडलीपात्राचं झाकण उघडताना तू मनगट भाजून घेतलं होतंस, आठवतं? उकळत्या पाण्याच्या शिंतोड्यापेक्षा वाफ जास्त भाजते. एक ग्रॅम उकळत्या पाण्याची वाफ करायला सुमारे ५४० कॅलरी लागतात. तीच वाफ कातडीवर पुन्हा पाणी झाली की ती सगळी उष्णता तिथेच सोडते. समुद्रावर हेच मोठ्या प्रमाणावर चालतं. तापलेल्या पाण्याची वाफ हवेबरोबर वर चढते, उंचावर गार होऊन तिचे ढग बनतात आणि लपवलेली उष्णता तिथे मोकळी होते. त्या उष्णतेने मधली हवा आणखी हलकी होते, खालचा दाब उतरतो आणि चहूबाजूंची हवा आत धावते. पृथ्वी फिरते म्हणून ती सरळ आत न जाता वळते आणि भोवरा तयार होतो. (विषुववृत्ताला अगदी लागून हे वळण फारच कमी, म्हणून तिथे वादळं जवळजवळ होत नाहीत.) वारा जितका जोराचा तितकी वाफ जास्त आणि वाफ जितकी जास्त तितका वारा जोराचा.

त्यासाठी पाणी साधारण २६.५ अंशांच्या वर हवं, आणि तेही नुसतं वरवर नको, पन्नासेक मीटर खोलपर्यंत हवं. आपल्या अंघोळीच्या हंड्यात वरचं पाणी कढत आणि तळाचं कोमट असतं. तांब्याने ढवळलं की सगळंच कोमट होतं. वादळही समुद्र असाच ढवळतं. गरम थर पातळ असेल तर खालचं गार पाणी वर येतं आणि चूल विझते.

आता २०२१ चं तौक्ते वादळ बघ. १४ मे रोजी लक्षद्वीपजवळ ते साधं डिप्रेशन, म्हणजे कमी दाबाचं क्षेत्र होतं. दुसऱ्या दिवशी त्याचं चक्रीवादळ झालं. मग ते आपल्या किनाऱ्याला समांतर, पण पाण्यावरूनच उत्तरेला सरकत गेलं. कारवार, गोवा, रत्नागिरी असं बाजूबाजूने जाताना ते गरम पाण्यावर जेवतच होतं, म्हणून वाढतच गेलं. आपल्याकडे त्याच्या कडेचे ढग आले आणि जांबोटी, कणकुंबीकडे पाऊस पडला. घाटाने काय केलं? वाफेने भरलेली हवा वर ढकलली आणि तिचा पाऊस पाडला. वादळाचा मध्य आपल्याकडे आलाच नव्हता, त्यामुळे सह्याद्रीने त्याला अडवण्याचा प्रश्नच नव्हता.

१७ तारखेच्या रात्री ते दीव-उन्याजवळ जमिनीवर चढलं. वारा ताशी १६० ते १७० किलोमीटर. तुझ्या वेरावळपासून ती जागा लांब नाही. तिथे सह्याद्रीसारखी भिंत नाही, गिरच्या टेकड्या आहेत तेवढ्याच. तरीही १८ तारखेच्या रात्रीपर्यंत ते चक्रीवादळ उरलं नव्हतं. पायाखालचं पाणी गेलं, वाफ थांबली, वरची उष्णता तुटली.

दुसरं कारण घर्षणाचं. झाडं, घरं, बांध यांना घासून जमिनीलगतचा वारा मंदावतो. मंदावला की गोल फिरण्याऐवजी जास्तच आत वळतो आणि मधली पोकळी हवेने भरायला लागते. वरून तेवढी हवा उपसली जात नाही, कारण उपसणारी उष्णताच संपलेली असते. म्हणून दाब चढतो. पहिल्या बारा तासांत वाऱ्याचा जोर साधारण निम्म्यावर येतो.

वारा मेला म्हणून पाऊस मात्र लगेच मरत नाही. आधी गोळा केलेली वाफ ढगांत असतेच. तौक्तेचे अवशेष वर सरकले आणि १९ मे रोजी दिल्लीत एका दिवसात सुमारे ११९ मिलिमीटर पाऊस झाला, मे महिन्यातला तिथला विक्रम. समुद्र केवढा लांब!

तू किनाऱ्यावरच राहतोस, तेव्हा असं मॉन्सून येण्याआधीचं वादळ तुला भेटू शकतं. एक लक्षात ठेव. वाऱ्याने गदागदा हलवल्यावर अचानक सगळं शांत झालं, वर आकाशही दिसायला लागलं, तर वादळ संपलं समजून पत्रे बघायला बाहेर पडू नकोस. तो वादळाचा डोळा, म्हणजे त्याचा मधला शांत भाग असू शकतो. तो सरकला की वारा उलट्या दिशेने येतो आणि आधीच्या वाऱ्याने खिळखिळं झालेलं तो पाडतो.

आईने शेजाऱ्यांच्या मुलाबरोबर कुंदा पाठवलाय. डबा परत आण म्हणते.

तुझा,
बाबा