अण्णांच्या हातातल्या अक्षता

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर मी आवाज चढवला. ठेवल्यानंतर तुझी आई माझ्याशी दोन तास बोलली नाही. तुझं म्हणणं एवढंच होतं की सकाळी चर्चमध्ये लग्न लागू दे, दुपारी हॉलमध्ये सप्तपदीसकट सगळं होऊ दे, आणि फादरांना ते सांगायची गरज काय? मी ‘लपवाछपवी’ म्हणालो. तो शब्द वापरायला नको होता. पण मुद्दा मी सोडलेला नाही, म्हणून लिहायला बसलोय.

मंगळवारी मी एकटाच कॅम्पात जाऊन फादरांना भेटलो. त्यांनी अर्धा तास शांतपणे समजावलं. बाप्तिस्मा नसलेल्या मुलीशी लग्न करायचं तर ख्रिस्ती मुलाला बिशपांकडून सूट घ्यावी लागते. त्यासाठी त्याला वचन द्यावं लागतं की तो स्वतःची श्रद्धा सोडणार नाही आणि मुलांना ख्रिस्ती संस्कार मिळावेत म्हणून शक्य ते सगळं करेल. वचन त्याचं आहे, तुझं नाही. त्याने काय कबूल केलं ते तुला सांगितलं जातं, आणि तुला धर्म बदलावा लागत नाही. आजीला रात्री झोप लागत नव्हती ती याच भीतीने. मी तिला तीनदा सांगितलं, तेव्हा कुठे ती जेवली.

खरी अडचण वेगळी आहे. त्यांच्या कायद्यात, म्हणजे कॅनन लॉच्या 1127 व्या कलमात, असं आहे की चर्चमध्ये एकमेकांना संमती दिली की त्याच लग्नाची संमती दुसऱ्या धार्मिक विधीत पुन्हा द्यायची नाही. आधीही नाही, नंतरही नाही. म्हणजे कन्यादान, पाणिग्रहण, होम, सप्तपदी ही सगळी नकोत, कारण आपल्याकडे लग्न लागतं ते त्यांतच. मग मी विचारलं, अंतरपाट, मंगलाष्टका, अक्षता? त्यांनी ओळ न् ओळ अर्थ विचारला. मला जमेल तसा सांगितला. ते म्हणाले, हे आशीर्वाद आहेत, याला माझी हरकत नाही. मंगळसूत्रही अंगठ्यांबरोबर चर्चमध्येच आशीर्वाद देऊन घालता येईल.

भटजी उलट्या बाजूने तिथेच आले. सप्तपदी नसेल तर मी त्याला विवाह म्हणणार नाही, म्हणाले, पण गणेशपूजन आणि मंगलाष्टका आनंदाने म्हणतो. मला हे बरं वाटलं. दोघांनीही आपली रेघ कुठे आहे ते सांगितलं, त्यामुळे मधे जागा किती उरली ते कळलं. आणि कायद्याचंही तसंच आहे. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याला दोघंही हिंदू लागतात, त्यामुळे नुसत्या मांडवातल्या विधींनी तुमचं लग्न कागदावर टिकणार नाही. 1872 च्या ख्रिश्चन विवाह कायद्यात मात्र दोघांपैकी एक ख्रिस्ती असला तरी चालतं. म्हणजे लग्न लागेल ते चर्चमध्ये, आणि मांडवात होईल ती आपली घरची रीत. असं उघड सांगितलं की कोणाशी खोटं बोलायला नको.

फक्त अण्णा. त्यांना अजून मी कन्यादानाचं सांगितलेलं नाही.

मला भीती एकच आहे, ते मांडवातून उठून जातील. आमच्या लग्नात, 1994 साली, खानापूरला, अण्णांचे मेहुणे असेच उठले होते. गडबडीत त्यांना फेटा बांधायचा राहिला. पान वाढलं होतं, भातावर तूप होतं, त्यांनी पानाभोवती पाणीही फिरवलं होतं, आणि मग हात न लावता उठले. अण्णा त्यांच्यामागे अनवाणी रस्त्यापर्यंत गेले. मेहुणे आमच्या घरी परत आले ते नऊ वर्षांनी, थोरल्या काकांच्या बाराव्याला. भातावर थिजलेलं ते तूप मला अजून दिसतं. फेट्यासाठी! आणि इथे तर कन्यादानच नाही.

पुन्हा तेच लिहायला लागलो. सोडतो.

वेळेचं असं ठरतंय. चर्च साडेनऊला. मिस्सा नाही, फक्त वाचन, प्रार्थना आणि विवाहविधी, म्हणजे तासाभरात आटपेल. फादर म्हणाले, अशा लग्नात मिस्सा सहसा ठेवत नाहीत, नाहीतर कम्युनियनच्या वेळी अर्धे वऱ्हाड उठतं आणि अर्धे तसेच बसून राहतात. त्याच्या शामायला, म्हणजे त्याच्या आजीला, मिस्सा नसल्याचं फार लागलंय. तेव्हा त्याच दिवशी सकाळी सातला त्यांच्या घरच्यांनी मिस्साला जावं असं ठरलं, आणि मी व तुझी आई मागच्या बाकावर जाऊन बसणार आहोत. आम्हाला कोणी बोलावलेलं नाही, पण शामायला दिसेल की आम्ही आलो.

मुहूर्त बारा बत्तीसचा. मधल्या दोन तासांत गाऊन काढून शालू नेसणं होईल का, हे तू सांग. आजीचं म्हणणं, पांढरं नेसून मांडवात पाऊल टाकू नको. तिच्याशी वाद घालू नकोस, तिच्या डोळ्यांपुढे पांढऱ्याचा एकच अर्थ आहे. लाल काठाची मोतिया साडी दोन्हीकडे चालेल असं आईला वाटतं. निर्णय तुझा, खरंच तुझा.

पण चुड्याचं ऐक. परवा शामाय आपल्या घरी आली होती. आजीने हिरव्या बांगड्या दाखवल्या, तर ती म्हणाली, आमच्यातही नवरीला चुडो भरतात, मामाच्या घरी. आणि तिने आजीचं मनगट धरून बांगडी कशी चढवायची ते दाखवलं, अंगठा आत दुमडून, हलकेच. आजी गप्प बसून बघत राहिली, मग म्हणाली, हिला जमतंय की. तेव्हा चुडा आदल्या दिवशी मामा भरेल, दोघी म्हाताऱ्या शेजारी बसतील, आणि तोच चुडा चर्चमध्येही राहील.

दुपारचं जेवण आपलं, शाकाहारी, मांडे आणि कुंदा. संध्याकाळचा कार्यक्रम त्यांचा, वेगळ्या हॉलमध्ये, केक, टोस्ट, जे असेल ते. एकाच पंगतीत दोन्ही करायचा प्रयत्न नको.

आता एक गोष्ट, जी आईलाही सांगितलेली नाही. कन्यादान मलाही करायचं होतं. तू जन्मलीस तेव्हापासून. फादरांनी मला चर्चमध्ये नेऊन दाखवलं, दारापासून वेदीपर्यंत बाप मुलीला हाताला धरून आणतो. मी एकटाच चालून पाहिलं. बेचाळीस पावलं झाली. तुझ्या चपलांच्या टाचा उंच असतील तर जास्त होतील.

मग मला सुचलं की अंतरपाट अण्णांनी धरावा. एक टोक अण्णांनी, एक त्याच्या वडिलांनी. हातात अंतरपाट असलेला माणूस उठून जात नाही. हे मी त्यांना बांधून ठेवायला करतोय असं समजू नकोस. थोडंसं आहेही तसं. पण तुझ्या तोंडासमोरून पडदा बाजूला करणारा हात त्यांचा असावा, असं मला मनापासून वाटतं. आणि पहिल्या अक्षता त्यांनी टाकाव्यात.

हे त्यांना तू सांगावंस. माझ्या तोंडून ऐकलं तर ते आधी माझ्यावरच चिडतील, तुझ्यावर चिडणं त्यांना कधी जमलेलं नाही. कन्यादान नाही हे आधी सांग, मग अंतरपाटाचं. उलट सांगू नकोस, त्यांना फसवल्यासारखं वाटेल.

सकाळी नऊच्या आत फोन कर, नंतर ते शहापूरला जातात. आणि थोडं मोठ्याने बोल, उजव्या कानाने त्यांना आता ऐकू येत नाही.

तुझे,
बाबा