आईच्या गाण्यातल्या एका ओळीसाठी

प्रिय ताई,

प्रयोगानंतरच्या गर्दीत तुमच्याशी नीट बोलता आलं नाही, म्हणून हे उघड पत्र. त्या हिंदी संगीत नाटकाच्या मराठी रूपांतरावर माझं एकट्याचं नाव आहे. आईच्या गाण्याचं ध्रुवपद मात्र तुमच्यामुळे उभं राहिलं, आणि ते कसं, हे सगळ्यांना कळावं असं वाटतं.

मूळ ओळ होती, ‘लौट के आजा, द्वार खुला है’. सोळा मात्रा, केरव्याची दोन आवर्तनं. ‘लौ’ आणि ‘द्वा’ समेवर. दुसऱ्या आवर्तनात पाचव्या मात्रेला, म्हणजे ‘खुला’तल्या ‘ला’वर, चाल तार षड्जाला जाते. शेवटच्या वेळी तर तिथे ताल थांबतो आणि दम असेल तोवर तो सूर धरायचा असतो.

मी केलं होतं, ‘परतुनि ये रे, दार उघडे’. एक मात्रा कमी पडत होती, ती गाताना ओढून घेता येईल असं मी धरून चाललो. तुम्ही कागद न बघता, चालीत, सलग म्हणून दाखवलंत आणि सगळे हसायला लागले. ‘र’ला पुढचा ‘उ’ चिकटला आणि ऐकू आलं, ‘दारू घडे’! कागदावर दोन शब्दांमध्ये मोकळी जागा असते, गळ्यात ती नसते. मी ती ओळ निदान पन्नास वेळा वाचली होती, गुणगुणली एकदाही नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी ‘वाट तुझी ही’ आणलं. आठ मात्रा चोख. तुम्ही पहिल्यांदा ती मंद्रात म्हटलीत, छान वाटली. मग चालीत म्हटलीत, तर वर ‘तुझे’ ऐकू आलं. मला वाटलं, उच्चार ढिला पडला. तुम्ही म्हणालात, “माझा नाही, स्वराचा दोष आहे.” काळी चारमध्ये तुमचा तार षड्ज साधारण ४१५ हर्ट्‌झवर येतो. ‘ई’ म्हणताना जबडा जवळजवळ मिटलेला असतो आणि तोंडातली सगळ्यात खालची घुमणूक त्या सुराच्या खालीच राहते. सूर घुमवायचा तर तोंड उघडावं लागतं, आणि तोंड उघडलं की ‘ई’चा ‘ए’ होतो. ‘ऊ’चीही तीच गत. ‘आ’ला ही अडचण त्या उंचीवर येत नाही, कारण तोंड आधीच उघडं असतं. मूळ कवीने ‘ला’ तिथे उगाच ठेवला नव्हता.

मग तुम्ही मला शब्द बाजूला ठेवायला लावलेत. चाल नुसत्या आकारात म्हटलीत आणि जिथे ‘आ’ हवाच, तिथे पेन्सिलीने गोल काढलात. सबंध ओळीत गोल एकच. तो गोल भरायचा आणि बाकीचं त्याच्या मागेपुढे लावायचं, म्हणजे मी करत होतो त्याच्या बरोबर उलट. त्या गोलात पहिल्यांदा ‘ला’च टाकून पाहिला. लावणे, लागणे... आणि ‘दार न लागे’ सुचलं. चार आणि चार मात्रा, ‘दा’ समेवर, ‘ला’ षड्जावर.

पहिला अर्धाही तुम्हीच मोडलात. ‘लौ’ हा एक लांब सूर, त्यावर माझी ‘पर’ ही दोन लघु अक्षरं. मात्रा जुळत होत्या, पण आईची हाक पाढ्यासारखी वाजत होती. ‘ये माघारी’ केलं, चारही अक्षरं गुरू. शेवटचा ‘री’ खालच्या सुरावर येतो, त्यामुळे तिथला ‘ई’ त्रास देत नाही. शिवाय ‘ये’ ही हाकच समेवर आली.

अर्थ सरकला, हे मी मान्य करतो. मूळ आई सांगते, दार उघडं आहे. आपली आई म्हणते, दार लागतच नाही. तिच्या हाताने ते लावलं जात नाही, असाही अर्थ त्यात येतो. दिग्दर्शकांना खटकलं होतं, तुम्ही बाजू घेतलीत.

एक खोट उरलीच आहे. ‘न’ नेमका उंच सुराच्या आधीच्या एका मात्रेवर आहे. तो गिळला गेला तर ‘दार लागे’ होतं, म्हणजे नेमकं उलटं. तुम्ही ‘र’ नंतर केसभर थांबून तो ‘न’ सुटा ठेवता. दोन्ही प्रयोगांत मी मागे उभा राहून तेवढंच ऐकत होतो. दोन्ही वेळा ‘न’ स्पष्ट पोचला. ही मेहनत माझ्या शब्दांनी तुमच्या गळ्यावर टाकली आहे. त्याबद्दल आभारांबरोबर थोडी क्षमाही मागतो.

तिसऱ्या कडव्यातला वरचा ‘ऊ’ तुम्ही न बोलता चालवून घेता आहात, हेही लक्षात आलं आहे. पुढच्या तालमीला त्या जागी ‘आ’ घेऊन येतो.

तुमचा,
रूपांतरकार