पंधरा टक्क्यांचा प्रश्न आणि समाजमाध्यमांवरचा सीमावाद

मा. संपादक,
स. न.

सीमाभागातली तरुण पिढी भाषेच्या हक्कांवर समाजमाध्यमांवर हिरिरीने बोलते, हे जिवंत लोकशाहीचं लक्षण आहे, असं मत आपल्या अंकात वाचलं. ती पिढी बोलते हे खरंच आहे. पण बेळगावात अनेक वर्षं राज्यशास्त्र शिकवल्यामुळे मला पुढचा प्रश्न पडतो: या बोलण्यातून विचारविनिमय होतो का?

खानापूर तालुक्यातली एक सरकारी सूचना फक्त कन्नडमधून निघाली. तिचा फोटो एका मराठी फेसबुक गटावर आला आणि खाली शेकडो प्रतिक्रिया पडल्या. मला कन्नड वाचता येतं, म्हणून मी सगळ्या वाचल्या. ‘कर्नाटकात राहता, आधी कन्नड शिका’ असं एकीकडून आणि ‘ही आमची भूमी आहे’ असं दुसरीकडून, हेच फिरून फिरून येत होतं. त्या गर्दीत एका कन्नड माणसाने एक सरळ प्रश्न विचारला होता: अल्पसंख्याकांच्या भाषेत सूचना देण्यासाठी तुम्ही पंधरा टक्क्यांचा आधार घेता, ते टक्के जिल्ह्याचे मोजायचे की तालुक्याचे?

सगळ्या वादाचा कणा त्या प्रश्नात होता, आणि त्याचं उत्तरही आहे. राज्य पुनर्रचनेच्या वेळी, 1956 मध्ये, केंद्र सरकारने भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणाची योजना मांडली. पुढे 1961 च्या मुख्यमंत्री परिषदेत ती अधिक नेमकी झाली. जिथे अल्पसंख्याक भाषिक 15 टक्के किंवा त्याहून अधिक असतील, तिथे महत्त्वाच्या सूचना आणि नियम त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध करावेत, असं ती सांगते. हा हिशेब जिल्ह्यापुरता नाही, तालुका आणि नगरपालिकेच्या पातळीवरही तो लागतो. त्यामुळे जिल्ह्याची सरासरी पुढे करून खानापूरची मागणी नाकारता येत नाही. दुसऱ्या बाजूने, ही राज्यांनी मान्य केलेली प्रशासकीय योजना आहे, घटनेतलं कलम नव्हे. म्हणून ‘घटनेने दिलेला हक्क’ असं सरसकट म्हणणाऱ्या आपल्या लोकांनाही भाषा थोडी बदलावी लागली असती. एका प्रश्नाने दोन्ही बाजू हलल्या असत्या. पण त्याला एकही उत्तर आलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी तो शोधूनच काढावा लागला.

जर्मन विचारवंत युर्गेन हाबरमास यांनी 1962 साली ‘सार्वजनिक क्षेत्रा’ची कल्पना मांडली. अठराव्या शतकातल्या युरोपातल्या कॉफीगृहांत आणि बैठकांत बोलणाऱ्याचा दर्जा बाजूला ठेवला जाई, सर्वांच्या हिताचा कुठलाही विषय काढता येई, आणि निदान तत्त्वतः कुणालाही आत येता येई, असं त्यांचं म्हणणं. प्रत्यक्षात स्त्रिया आणि कष्टकरी बाहेरच होते, हा आक्षेप त्यांच्यावर पुढे घेतला गेला आणि तो बरोबर आहे. या तीन कसोट्यांवर आपला गट वाईट ठरत नाही. शेतकरी, प्राध्यापक, रिक्षावाला सगळे तिथे बोलतात. अडतं ते पुढच्या अटीवर: मी केलेल्या दाव्याचं कारण कुणी विचारलं, तर ते द्यायला मी बांधलेला असतो. वाचनालयाच्या सभागृहात श्रोत्यांतून प्रश्न आला की व्याख्यात्याला उत्तर द्यावंच लागतं, कारण सगळे त्याच्याकडे बघत असतात. पडद्यावर ती नजर नसते. प्रतिक्रियांचा क्रम लाइक आणि प्रत्युत्तरांवर ठरतो, आणि शांत प्रश्नाला या दोन्हींतलं काही मिळत नाही.

अमेरिकन विचारवंत नॅन्सी फ्रेझर यांनी 1990 मध्ये या मांडणीत जी भर घातली, ती मला सीमाभागासाठी जास्त मोलाची वाटते. दबलेल्या गटांना स्वतःची वेगळी चर्चापीठं लागतात, असं त्या म्हणतात. त्यांची कामं दोन: आपल्यांत बसून भाषा आणि बळ कमावायचं, आणि मग मोठ्या समाजापुढे जाऊन म्हणणं मांडायचं. पहिलं काम आपले गट उत्तम करतात. जुनी परिपत्रकं सापडतात, अर्जाचा मसुदा रातोरात तयार होतो, निपाणीची तक्रार खानापुरात कळते. हे पूर्वी नव्हतं आणि याची किंमत मी कमी करत नाही. दुसरं काम मात्र थांबलं आहे. माझे कन्नड शेजारी, घरात आमच्याशी अस्सल बेळगावी मराठी बोलणारे, एकदा म्हणाले, “सर, तुम्ही लिहिताय ते आमच्यापर्यंत येतच नाही की. आमच्याकडे येतो तो नुसता भांडणाचा व्हिडिओ.”

त्यांच्या गटाची भावनाही मला त्यांच्याकडूनच कळली. राज्यात कन्नड बहुसंख्य असले, तरी बेळगाव शहरात पिढ्यान् पिढ्या आपणच दबलेले होतो असं त्यांना वाटतं, आणि हिंदी-इंग्रजीपुढे कन्नडचं काय होणार ही काळजी वेगळी. म्हणजे इथे दोन्ही बाजू स्वतःला अल्पसंख्याक समजून आपापल्या पीठावर बसल्या आहेत. ज्या मोठ्या समाजापुढे दोघांनी यायचं, ती जागाच रिकामी आहे.

डिसेंबर 2022 आठवा. सीमेवर वातावरण तापलं होतं, हिरेबागेवाडी टोलनाक्याजवळ महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगडफेक झाली. नेत्यांच्या नावाने आलेल्या ट्विटवर दोन्हीकडे रान पेटलं होतं. 14 डिसेंबरला केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना दिल्लीत बोलावलं आणि बैठकीनंतर सांगितलं की बड्या नेत्यांच्या नावाने चालवलेल्या बनावट ट्विटर खात्यांनीही हा वाद वाढवला, त्यांच्यावर गुन्हे नोंदवले जातील. हाबरमास यांच्या मते प्रत्येक विधानाबरोबर आपण तीन हमी देतो: हे खरं आहे, हे उचित आहे, आणि मी हे मनापासून बोलतो आहे. पहिल्या दोन हमींवर आपण तावातावाने भांडलो. तिसरी तपासायची सोयच नव्हती, कारण बोलणारा कोण हेच ठाऊक नव्हतं. आणि खुलासा झाला तो दिल्लीतल्या बंद खोलीतल्या बैठकीनंतर. ज्या वाचकांनी ती ट्विट पुढे पाठवली होती, त्यांच्यातून तो निघाला नाही.

त्या खुलाशाने कुणाची भूमिका मऊ झाली असंही दिसलं नाही. 22 डिसेंबरला कर्नाटक विधिमंडळाने एक इंचही जमीन देणार नाही असा ठराव केला, 27 ला महाराष्ट्राने 865 गावांसाठी केला, दोन्ही एकमताने. ज्या ठरावाला आपल्याच सभागृहात विरोध करणारं कुणी नसतं, त्यात समोरच्याला पटवण्याचा प्रयत्न कुठून येणार? महाराष्ट्राने 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा आपल्या गतीने चालेल. तोवर खानापूरच्या माणसाला सूचना कुठल्या भाषेत मिळणार, हा रोजचा प्रश्न उरतोच, आणि त्यावर निर्णय घेऊ शकणारे अधिकारी त्या फेसबुक गटात नाहीत.

म्हणून आपल्याला एक विनंती. आठवड्यातून एक दिवस या पानावर एखाद्या कन्नड वाचकाचं पत्र मराठीत भाषांतर करून छापा, आणि पुढच्या आठवड्यात त्यालाच उद्देशून लिहिलेलं एक मराठी उत्तर. पत्रलेखक खरा आहे याची खात्री आपण करूनच घेता. एखाद्या कन्नड दैनिकाने आपल्या वाचकांसाठी हेच उलट बाजूने केलं तर उत्तमच. वाचक थोडे असतील, लाइक तर नसतीलच. सुरुवात त्या पंधरा टक्क्यांच्या प्रश्नाने करावी. भाषांतराचं काम मी विनामूल्य करायला तयार आहे.

आपला,
राज्यशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक,
टिळकवाडी, बेळगाव